'कमी उजेडातही चालेल' असं झाड तुमच्या हॉलमध्ये का मरतं

'उन्हाची गरज नाही. आठवड्यातून दोनदा पाणी. घरातली हवा शुद्ध करतं.' झाडं विकणाऱ्या कुणाचीही पोस्ट उघडा, झेडझेड किंवा स्नेक प्लांटच्या फोटोखाली या तीन ओळी हमखास सापडतील. पहिली ओळ अर्धी खरी आहे. दुसरी ओळ अंधाऱ्या फ्लॅटमध्ये झाडाचा जीव घेते. तिसरी ओळ वाचून सोडून द्यावी. मीही घरातली झाडंच विकते आणि गिऱ्हाइकांना पाठवायच्या टिपाही मीच लिहिते. त्यामुळे या ओळी का लिहिल्या जातात आणि त्यांच्यामागे प्रत्यक्षात काय घडतं, ते इथे सविस्तर सांगते.

सुरुवात उजेडापासून करू, कारण घोळ तिथेच आहे. 'आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड असतो,' असं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं, आणि ते खोटं बोलत नसतं. आपले डोळे इतके हुशार आहेत की अंधार झाला की बाहुली मोठी करून, डोळ्यातल्या पडद्याची संवेदनशीलता वाढवून ते आपल्याला सगळं व्यवस्थित दाखवतात. पेपर वाचता येतो म्हणजे उजेड आहे, असं आपण धरून चालतो. झाडाकडे अशी काही सोय नाही. पानावर जेवढा उजेड पडतो, तेवढंच त्याचं जेवण.

एखाद्या जागी किती उजेड पडतो, ते लक्समध्ये मोजतात. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. आंब्याच्या दाट सावलीतही काही हजार लक्स सहज मिळतात. आणि रात्री ट्यूब लावलेल्या आपल्या हॉलच्या मधोमध? दीडशे, दोनशे. दिवसा खिडकीपासून आठ-दहा फूट आत गेलात, तरी आकडा तिथेच घुटमळतो. डोळ्यांना गच्ची आणि हॉल यांत दुपटी-तिपटीचा फरक जाणवतो, प्रत्यक्षात तो काहीशेपट असतो.

आता हे झाड तुमच्याकडे येण्याआधी कुठे होतं, ते बघा. आपल्याकडच्या दुकानांत येणारी बरीच झाडं आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून ट्रकने येतात, काही पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या बाजूने येतात. तिथे ती हिरव्या शेडनेटखाली वाढलेली असतात. पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारी जाळी म्हटली, तरी भर दुपारी झाडाला वीस-पंचवीस हजार लक्स मिळतात. त्यावर झाड गुबगुबीत होतं, पानांत आणि मुळांत पिष्टाचा साठा करून ठेवतं. तिथून ते उचलून आपण दीडशे लक्सच्या कोपऱ्यात ठेवतो.

गंमत अशी, की पहिल्या दिवशी झाडाला काहीच होत नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. नोकरी गेलेला माणूस जसा आधी बँकेतल्या ठेवी मोडून घर चालवतो, तसं झाड साठवलेल्या पिष्टावर दिवस काढतं. श्वास घ्यायला रोज थोडं खर्च होतं, उजेडातून मिळकत त्याहून कमी होते. शिल्लक संपेपर्यंत दोन-तीन महिने जातात, झेडझेडसारख्या जमिनीखाली गड्डे असलेल्या झाडाला सहा-आठ महिनेही लागतात. मग एक दिवस खालचं पान पिवळं पडतं आणि घरातले म्हणतात, 'कालपर्यंत तर चांगलं होतं!' कालपर्यंत नव्हतं. आणलं त्या दिवसापासून ते घटतच होतं.

प्रत्येक झाडाची एक उजेडाची पातळी असते, जिथे मिळकत आणि खर्च बरोबरीत सुटतात. त्या पातळीच्या वर झाड वाढतं, त्याखाली ते हळूहळू उपाशी मरतं. सावलीतल्या झाडांची ही पातळी खाली असते, म्हणूनच ती घरात चालतात. पण खाली म्हणजे शून्य नव्हे. कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत 'कमी उजेड' म्हणतात तो साधारण अडीचशे ते हजार लक्सचा, आणि तोही दिवसाचे आठ-दहा तास. आम्ही पोस्टमध्ये 'कमी उजेड' लिहितो तेव्हा वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टीव्हीशेजारचा कोपरा येतो, आणि तो पन्नास-साठ लक्सचा असतो. विकणाऱ्यालाही हा गैरसमज सोयीचा, कारण झाड तिथेही लगेच मरत नाही. निदान तक्रार करावी इतक्या लवकर तरी नाही.

ऑफिसात, हॉटेलच्या लॉबीत अंधाऱ्या जागी टवटवीत झाडं दिसतात त्याचं काय, असं लोक विचारतात. मुंबई-पुण्यात ती झाडं बहुतेक वेळा भाड्याची असतात. पुरवठादाराचा माणूस आठ-पंधरा दिवसांनी येतो, दमलेली झाडं नर्सरीत परत नेतो आणि ताजी ठेवून जातो. आपल्याला दिसतं ते नेहमी नुकतं आलेलं झाड.

आता एक घर घेऊन प्रत्यक्ष मोजू. ठाण्यातला दुसऱ्या मजल्यावरचा वन-बीएचके. हॉलला एकच उत्तरेची खिडकी, समोर वीस-पंचवीस फुटांवर दुसरी इमारत. बाईंना तीन झाडं हवी होती: सोफ्याशेजारी उंच अरेका पाम, टीव्ही युनिटवर पांढऱ्या-हिरव्या पानांचा मनीप्लांट आणि पॅसेजमध्ये पीस लिली. मी त्यांना फोनमध्ये लक्स मोजणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं. फोनच्या पुढच्या बाजूला स्क्रीनची चमक कमी-जास्त करणारा सेन्सर असतो, त्याच्यावर अशी बहुतेक अ‍ॅप चालतात. आकडा तंतोतंत नसतो, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला पुरतो. दुपारी बारा-एकच्या सुमारास, दिवे बंद करून, फोन झाडाच्या पानांच्या उंचीला धरायचा, स्क्रीन खिडकीकडे करून.

खिडकीच्या कट्ट्यावर आकडा आला दोन हजारांच्या आसपास. तिथून हातभर आत सहाशे. मच्छरांची जाळी सरकवल्यावर त्याच जागी साडेआठशे, म्हणजे जाळी एकटीच बराच उजेड खात होती. सोफ्याजवळ एकशेचाळीस, टीव्ही युनिटवर साठ, पॅसेजमध्ये अ‍ॅपला काही सांगताच येईना.

खिडकीपासून दूर जाताना उजेड असा कोसळतो, कारण झाडाला मिळतो तो उजेड खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाचा असतो. अ‍ॅप नसेल तर हीच युक्ती वापरा. झाड ठेवायचं त्या जागी झाडाच्या उंचीला डोळे आणून बसा आणि खिडकीकडे बघा. आभाळाचा चांगला तुकडा दिसतो का? दिसला तर जागा बरी. नुसती समोरच्यांची भिंत आणि वाळत घातलेले कपडे दिसले, तर उजेड भिंतीवरून परतून येतोय, आणि तो फार नसतो. दुसरी चाचणी कागदाची: दुपारी पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा दिसत असतील तर जागा कामाची. सावली नुसती धूसर पडत असेल, तर तिथे सोसणारी झाडंच जगतील. सावली पडतच नसेल, तर तिथे शोपीस ठेवा.

आणि ही मोजणी मे महिन्यात केलीत तर जुलैमध्ये परत करा. कोकणपट्टीत पावसाळी आभाळाने हेच आकडे निम्म्यावर येतात, कधी त्याहूनही खाली.

मग त्या घरात काय झालं? अरेकाला मी सरळ नाही म्हटलं. अरेका पाम घरातलं झाड म्हणून विकला जातो, पण त्याला खिडकीजवळचा भरपूर उजेड लागतो. एकशेचाळीस लक्समध्ये त्याची पानं टोकाकडून तपकिरी होत जातात आणि लोक पाणी वाढवत बसतात. मनीप्लांट मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला लावला, आणि पांढऱ्या-हिरव्या पानांचा न देता साधा हिरवा दिला. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग कमवत नाही, फक्त खातो. कमी उजेडात अशी झाडं एकतर रुसतात, नाहीतर नवी पानं हिरवी काढू लागतात. वेल मात्र कट्ट्यावरून भिंतीने आत टीव्हीपर्यंत नेता येते. कुंडी आणि बरीचशी पानं उजेडात असली की आतली पानं त्यांच्या जिवावर तग धरतात. अंधाऱ्या घरात हिरवळ आत नेण्याचा मला माहीत असलेला हा सगळ्यात स्वस्त उपाय.

पीस लिलीबद्दल एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. दुकानात ती पांढऱ्या फुलांनी भरलेली दिसते, कारण मोठे उत्पादक अनेकदा जिबरेलिक अ‍ॅसिड हे वाढीचं संप्रेरक फवारून फुलं एकदम आणतात. घरी ती फुलं सुकली की कमी उजेडात नवी येत नाहीत. झाड जगतं, पानं छान असतात, पण फोटोतलं झाड परत दिसत नाही. त्या बाईंना पानांसाठी चालणार होतं, म्हणून पीस लिली पॅसेजऐवजी खिडकीपासून हातभर आतल्या स्टुलावर गेली.

सोफ्याचा कोपरा उरला. तिथे झेडझेड दिलं, पण दोन कुंड्या. एक कोपऱ्यात, दुसरी बेडरूमच्या खिडकीत, आणि दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. भाड्याच्या झाडांचाच धंदा, घरच्या घरी. हे जमणार नसेल तर वर दिवा लावायचा. त्यासाठी महागडा जांभळा ग्रो लाइट लागत नाही. नऊ वॅटचा साधा पांढरा एलईडी बल्ब पानांच्या फूटभर वर आला, तर तिथे हजार-दीड हजार लक्स मिळतात. बल्ब छताला असून उपयोग नाही, अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. रोज बारा तास लावला तर महिन्याला सव्वातीन युनिट वीज लागते. टायमरचा प्लग लावून टाका, म्हणजे विसरायला नको.

आता पाण्याकडे येऊ. माझ्या अनुभवात अंधाऱ्या फ्लॅटमधली झाडं उजेडाअभावी मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात, आणि या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. झाड पाणी ओढतं ते मुख्यतः पानांतून हवेत सोडण्यासाठी, आणि ते काम उजेडावर चालतं. उजेड कमी म्हणजे ओढ कमी. नर्सरीत तीन-चार दिवसांत वाळणारी कुंडी तुमच्या हॉलमध्ये दोन-तीन आठवडे ओली राहते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग बुरशी लागते, मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड मान टाकतं. तहानलेलं झाडही मान टाकतं. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं आणि तो आणखी एक तांब्या ओततो.

फरक मातीत बघायचा, पानांत नाही. संपलेल्या अगरबत्तीची काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर, गडद आणि माती चिकटलेली निघाली तर पाणी घालायचं नाही, झाडाने कितीही केविलवाणं तोंड केलं तरी. कोरडी निघाली तर घालायचं. कुंडी उचलून बघणं हा त्याहून सोपा मार्ग, एकदा ओल्या आणि कोरड्या कुंडीचं वजन हाताला कळलं की काडीही लागत नाही. पाणी घालताना मात्र घोटघोट नको. तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं आणि अर्ध्या तासाने ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. सहा इंची कुंडीतल्या झेडझेडला अशा घरात उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी पुरतं, पावसाळ्यात महिनाभर नाही घातलं तरी बिघडत नाही. पण वार ठरवून घालू नका, काडीला विचारून घाला. 'आठवड्यातून दोनदा' ही ओळ आम्ही लिहितो, कारण गिऱ्हाइकाला नेमका आकडा हवा असतो. तो आकडा नर्सरीतल्या उजेडाचा असतो.

जास्त पाण्याची लक्षणं ओळखायला सोपी आहेत. खालची पानं एकामागून एक पिवळी पडतात, स्नेक प्लांटचं पान बुंध्याशी मऊ होऊन आडवं होतं, मातीला नासका वास येतो, कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडतात. उजेड कमी पडल्याची लक्षणं वेगळी: दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा लहान निघतं, सगळं झाड खिडकीकडे झुकतं. चिलटं दिसली तर औषध शोधण्याआधी पाणी थांबवा. त्यांची पिल्लं ओल्या मातीच्या वरच्या थरातच वाढतात.

मातीचाही यात हात आहे. कडियमकडून आलेलं झाड बहुधा लाल चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. उन्हात तिचा त्रास होत नाही, पण घरात तो गोळा मध्यभागी ओलाच राहतो. झाड आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका, त्याला दोन-तीन आठवडे जागेची सवय होऊ द्या. मग बाहेरची सुटी होईल तेवढी लाल माती हलक्या हाताने काढून दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग पर्लाइट असं मिश्रण भरा. झेडझेड आणि स्नेक प्लांटसाठी पर्लाइट दुप्पट घातलं तरी चालतं. भोक नसलेल्या चिनी मातीच्या सुंदर कुंडीत झाड थेट लावू नका. प्लास्टिकच्या भोकाच्या कुंडीत लावा आणि ती आत ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा. खताची घाई तर अजिबात नको, उजेडच नसेल तर खत मातीत तसंच साचून राहतं.

खरेदी करताना विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: हे झाड तुमच्याकडे सावलीत किती दिवस आहे? फ्लोरिडातले मोठे उत्पादक घरात जाणारी झाडं विकण्याआधी काही आठवडे मुद्दाम दाट सावलीत ठेवतात, म्हणजे त्यांना कमी मिळकतीची सवय होते. आपल्याकडे ट्रक रात्री येतो आणि सकाळी झाड दुकानात असतं. उत्तरावर विश्वास नसेल तर पानं बघा. उन्हातून थेट आलेल्या झाडाची पानं जाड, लहान, जराशी पिवळट हिरवी आणि दाटीवाटीने असतात. सावलीला सरावलेल्या झाडाची पानं गडद, रुंद, पातळ आणि मोकळी असतात. दुसरं झाड दिसायला कमी भरगच्च असतं. घ्यायचं मात्र तेच.

हवेच्या ओळीचा हिशेब थोडक्यात उरकते. १९८९ साली नासाने केलेल्या प्रयोगात झाडं छोट्या बंद पेट्यांत ठेवली होती आणि त्या पेट्यांतली काही रसायनं कमी झाली. आपलं घर बंद पेटी नसतं. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा निघालं की दारं-खिडक्यांतून जेवढी हवा आपोआप बदलते, त्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजारापर्यंत झाडं लागतील. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं, हेही चुकीचं आहे. ते रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतं हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो, त्यामुळे ते काम दिवसाच होतं.

पोस्टमध्ये बहुधा नसलेली एक गोष्ट सांगायला हवी. मनीप्लांट, झेडझेड, पीस लिली, अ‍ॅग्लोनेमा, डिफेनबेकिया या सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंडात आग होते, जीभ सुजते, लाळ गळते. रांगतं मूल किंवा पानं चघळणारं मांजर घरात असेल, तर ही झाडं हाताबाहेर ठेवा, टांगा, नाहीतर घेऊच नका. अशा घरात मी स्पायडर प्लांट, अ‍ॅस्पिडिस्ट्रा किंवा बुटका पार्लर पाम सुचवते. यांतला अ‍ॅस्पिडिस्ट्रा सगळ्यात सोशिक. बाकी दोघांना पाचशे लक्सच्या वरची जागा द्या, म्हणजे खिडकीपासून हातभर आत, जाळी सरकवून.